ग्लास फिरवायचा, हुंगायचा, मग घोट घ्यायचा: वाइनमध्ये हा क्रम नेमका कशासाठी?

नवी_पालवी

वाइन प्यायला अलीकडेच सुरुवात केली आहे. आवडते, पण पहिल्या घोटानंतर मला सांगता येतं ते एवढंच: आंबट आहे, थोडी तुरट आहे आणि वाइनसारखी लागते. त्याच बाटलीतल्या वाइनबद्दल शेजारची व्यक्ती मात्र फुलं, लिंबाची साल, मध असं बरंच काही सांगते. ही मंडळी आधी ग्लास गोल फिरवतात, मग नाकाशी नेऊन हुंगतात आणि घोट सगळ्यात शेवटी घेतात. मीही तसं करून पाहिलं आणि खरंच जास्त जाणवलं. पण का, ते कळलं नाही. वास तर पितानाही येतोच, मग तो आधी वेगळा कशाला घ्यायचा? आधी घोट घेऊन मग हुंगलं तर काय बिघडतं?

कुठली वाइन चांगली, हा प्रश्न नाही. फक्त या तीन कृती आणि त्यांचा क्रम. जाणकारांनी सविस्तर लिहावं.

रानवारा

सोपं आहे. ग्लास फिरवला की वाइनमध्ये ऑक्सिजन मिसळतो आणि ती मऊ होते. म्हणून आधी फिरवायचं. फिरवल्यावर काचेवरून ज्या धारा सावकाश खाली उतरतात त्याही बघा. धारा जितक्या जाड, तितकी वाइन दर्जेदार. हुंगणं हा त्यापुढचा सोपस्कार आहे, खरी परीक्षा जिभेवरच होते.

चांदणवेल

क्रमाबद्दल मला माहीत आहे ते असं: आधी पांढरी, मग लाल आणि गोड वाइन सगळ्यात शेवटी. उलट केलं तर लाल वाइनच्या तुरटपणापुढे पांढरीची चव लागतच नाही.

नवी_पालवी

@चांदणवेल, हे उपयोगी आहे, पण मी विचारते आहे ते एकाच ग्लासबद्दल. फिरवणं, हुंगणं आणि घोट, यांचा आपसातला क्रम.

खोल_मुळं

रानवारा, तुमचं अर्धं बरोबर आहे. हवा लागली की वाइन बदलते, पण त्याला वेळ लागतो. पसरट भांड्यात ओतून ती तास-दोन तास ठेवतात ते त्याचसाठी. चार-पाच सेकंद ग्लास फिरवून लगेच हुंगलं, तर तेवढ्या वेळात घडतं ते मुख्यतः बाष्पीभवन.

ग्लास स्थिर असताना वाइनचा फक्त वरचा थर हवेला लागून असतो. त्या थरातले उडून जाणारे घटक निघून जातात आणि त्यांच्या जागी खालचे यायला वेळ लागतो. ग्लास फिरवला की खालची वाइन वर येते, शिवाय काचेच्या आतल्या बाजूला तिचा पातळ थर चढतो. वाइन हवेला एकदम कितीतरी जास्त जागेवर भिडते. त्या पातळ थरातून अल्कोहोल भराभर उडतं आणि त्याच्याबरोबर वासाचे घटकही. ग्लासचं तोंड पोटापेक्षा अरुंद असेल, तर हे सगळं वरच्या रिकाम्या जागेत कोंडून राहतं. आपण हुंगतो ती ही रिकामी जागा.

म्हणून ग्लास भरून घेऊ नये. चाखण्यासाठीच्या ग्लासचं आयएसओने १९७७ साली ठरवलेलं प्रमाण बघा. ग्लास साधारण २१५ मिलीचा, तोंडाशी निमुळता, आणि त्यात वाइन ओतायची फक्त ५० मिली. पाऊण ग्लास भरलेला असला तर फिरवायला जागा नाही आणि वास साठायलाही नाही.

नवख्यांनी ग्लास हवेत फिरवण्याच्या भानगडीत पडू नये. टेबलावर टेकवून ठेवा, दांड्याच्या तळाशी दोन बोटांनी धरा आणि टेबलावरच लहान लहान वर्तुळं काढा. तीन-चार फेऱ्या पुरतात.

खात्री करायची असेल तर एकाच बाटलीतली वाइन दोन सारख्या ग्लासांत ओता. एकाला दहा मिनिटं हात लावू नका. मग आधी तो हुंगा, दुसरा फिरवा आणि लगेच तोही हुंगा. इथे ऐकीव माहितीपेक्षा नाकच जास्त सांगेल.

राहिल्या धारा. काचेवरच्या थरातून अल्कोहोल उडालं की तिथला पृष्ठताण वाढतो, वाइन वर ओढली जाते आणि जड झाली की ओघळते. जेम्स थॉमसन यांनी १८५५ सालीच हे उलगडून दाखवलं आहे. धारांवरून अल्कोहोल कमी की जास्त याचा ढोबळ अंदाज येतो. दर्जाचा येत नाही.

रानवारा

धारांचं मान्य. पण हुंगणं वेगळं का करायचं, हा मुद्दा राहिलाच. वास तोंडातूनही पोचतो, हे तुम्हीही नाकारणार नाही.

खोल_मुळं

नाकारत नाही, उलट सगळी मेख तिथेच आहे. नाकाच्या वरच्या भागात वास टिपणाऱ्या पेशी असतात आणि तिथवर जायला दोन वाटा आहेत. एक समोरून, नाकपुड्यांतून. दुसरी मागून: घोट गिळल्यावर श्वास बाहेर सोडतो तेव्हा घशामागून वर चढणारी. मागच्या वाटेने आलेला वास आपल्याला वास म्हणून जाणवतच नाही, तो तोंडातच आहे असं वाटतं आणि आपण त्याला चव म्हणून मोकळे होतो. जिभेला स्वतःला कळतं ते गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसल-रुचकर अशी एक पाचवी चव. तुरटपणा आणि अल्कोहोलची जळजळ या चवी नव्हेत, तोंडाच्या त्वचेला होणाऱ्या जाणिवा आहेत.

आता पहिल्यांदा घोटच घेतला तर काय होतं बघा. आंबटपणा, तुरटपणा, जळजळ, गारवा आणि मागच्या वाटेने आलेला वास, सगळं दोन सेकंदांत एकदम येतं. त्यात आंबट आणि तुरट ही सगळ्यात ठसठशीत, म्हणून लक्ष तिकडेच जातं. नवी_पालवी यांना पहिल्या घोटानंतर नेमके हेच दोन शब्द सुचले. त्यांच्या नाकात दोष नाही, त्यांनी सगळे प्रश्न एकाच वेळी विचारले एवढंच.

आधी हुंगलं की फक्त वास मिळतो, कारण साखर, आम्लं आणि तुरटपणा देणारे टॅनिन हवेत जवळजवळ उडतच नाहीत. तेवढा वेळ जीभ या सगळ्यात नसते.

यासाठी मस्कॅट जातीच्या द्राक्षांची कोरडी पांढरी वाइन मला सगळ्यात उत्तम वाटते. कोरडी म्हणजे जिच्यात साखर जवळजवळ उरलेली नाही अशी. ५० मिली ओता, फार गार नको. फ्रिजमधून काढून पंधरा-वीस मिनिटं झाली की बरं, कारण फार गार वाइनमधून वास नीट सुटत नाही. ग्लास न फिरवता एकदा हुंगा: वास हलका, फुलांसारखा. आता फिरवून लगेच हुंगा, एक-दोन सेकंदांचा छोटा श्वास. फुलं, ताजी द्राक्षं, संत्र्याची साल असं काहीतरी ठळक येईल. फुलांचा वास प्रामुख्याने लिनालूल नावाच्या घटकाचा. हाच घटक लव्हेंडरमध्येही असतो. या टप्प्यावर थांबून स्वतःशीच पैज लावा: ही गोड लागेल की नाही? बहुतेक लोक गोड म्हणतात.

आता दोन चमचे भरेल एवढाच घोट घ्या, पाच सेकंद तोंडात सगळीकडे फिरू द्या, गिळा आणि तोंड बंद ठेवून नाकाने श्वास सोडा. गोडी नाही! आंबटपणा आहे, शेवटी किंचित कडवटपणा आहे आणि श्वास सोडताना फुलं पुन्हा आली. म्हणजे ‘गोड’ ही नाकाने दिलेली अपेक्षा होती, जिभेने ती खोडली. मागची वाट पटत नसेल तर पुढचा घोट नाक चिमटीत धरून घ्या. फुलं गायब होतील, आंबट-कडू राहील. चिमूट सोडून श्वास बाहेर सोडला की फुलं परत.

क्रम उलटा केला तर हा फरक हाती लागत नाही. आधी घोट घेतला की ‘गोड नाही’ हे कळून चुकतं आणि मग वासही तसाच, कमी गोड वाटू लागतो. शिवाय तोंडात आणि घशात वाइन रेंगाळत असते, तिचा वास मागून येत राहतो. समोरून आलेला कोणता आणि मागून आलेला कोणता, हे नवख्याला वेगळं करता येत नाही.

शांत_संध्या

माझी अडचण वेगळीच आहे. मी फिरवून हुंगलं की मला फक्त स्पिरिटसारखा झणका बसतो आणि डोळ्यांत पाणी येतं. न फिरवता हुंगलं तर निदान फळांचा वास येतो. त्यामुळे मी फिरवणं सोडूनच दिलंय. सगळ्यांच्या नाकाला हा क्रम मानवत नसावा.

खोल_मुळं

@शांत_संध्या, तीन गोष्टी सांगा. ग्लास किती भरता, वाइन किती गार असते आणि नाक कुठे असतं?

शांत_संध्या

ग्लास निम्म्याच्या वर. लाल वाइन, फ्रिजबाहेरच ठेवलेली, हवा बऱ्यापैकी गरम असते. नाक ग्लासच्या आत, फोटोत दाखवतात तसं.

खोल_मुळं

मग नाकाची काही तक्रार नाही. वाइन जितकी गरम, तितकं अल्कोहोल जास्त सुटतं, आणि फिरवल्यावर ते सगळं ग्लासच्या तोंडाशी जमतं. तिथे लांब श्वास घेतला तर डंख बसणारच. लाल वाइन आधी फ्रिजमध्ये ठेवा, साधारण १६ ते १८ अंश सेल्सियसला येऊ द्या. ग्लास एक चतुर्थांशच भरा. दोनच फेऱ्या फिरवा, दोन-तीन सेकंद थांबा आणि नाक काठाच्या बोटभर वर धरून छोटा श्वास घ्या. सौम्य वाटलं तर हळूहळू जवळ या. डंख हा वास नव्हे, ती चुरचुर आहे. ती असेपर्यंत बाकीचं काही कळत नाही.

सायली_बन

माझा एक वेगळा अनुभव लिहिते. मी चाखणीच्या गटात बसते. तिथे न फिरवता आधी एकदा हुंगायला शिकवतात, पण मी ते नेहमी करत नाही. नाक लवकर थकतं. एकाच वासाचे चार-पाच लांब श्वास घेतले की तो वास मंद होतो, ग्लासमध्ये मात्र तो तेवढाच असतो. सगळ्यात ताजं नाक मला फिरवलेल्या ग्लाससाठी हवं असतं.

थकलेलं नाक ओळखायची सोपी खूण म्हणजे पहिल्या श्वासात जे ठळक होतं ते तिसऱ्यात शोधावं लागतं. तेव्हा ग्लास बाजूला ठेवून अर्धा-एक मिनिट साधी हवा घ्यावी किंवा स्वतःचं मनगट हुंगावं. अत्तर लावलेलं नसेल तर.

खोल_मुळं

नाक थकण्याबद्दल पूर्ण सहमत. पण पहिला, न फिरवलेला श्वास मी सोडणार नाही, कारण दोष तिथेच सापडतात. काही वाइन उघडल्यावर विझलेल्या काडेपेटीच्या काडीसारखा किंवा नासक्या अंड्यासारखा वास येतो. हे गंधकाचे घटक. ग्लास दोन-चार मिनिटं फिरवला की हा वास बरेचदा ओसरतो आणि खालून फळं दिसू लागतात. उलट ओल्या पुठ्ठ्याचा किंवा कुबट तळघराचा वास असेल, तर तो बुचातून आलेल्या टीसीए नावाच्या घटकाचा असण्याची शक्यता जास्त. तो फिरवल्याने जात नाही, उलट अधिक कळतो, आणि फळांचा वास मात्र दबलेलाच राहतो. फिरवण्याआधी काय होतं हे हुंगलंच नसेल, तर गेलं काय आणि राहिलं काय, कसं कळणार?

सायली_बन

तो मुद्दा आहे. पण नवखी व्यक्ती पहिल्या दहा ग्लासांत दोष शोधत नसते. तिला आधी काहीतरी ठळक जाणवू दे. मी अजूनही फिरवूनच पहिला श्वास सुचवेन.

आडवाट

मी या सगळ्याकडे संशयाने बघतो. २००१ साली बोर्दोच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग आठवतो का? ५४ विद्यार्थी, पांढरी वाइन, तिच्यात वास नसलेला लाल रंग मिसळलेला. विद्यार्थ्यांनी तिच्या वासाचं वर्णन लाल वाइनसाठी वापरतात त्या शब्दांत केलं. वाइनचं शिक्षण घेणाऱ्यांची ही अवस्था, तर आपण हुंगून काय शोधणार? फिरवा किंवा फिरवू नका, जे वाटायचं ते डोक्यातच वाटतं.

पिंपळपान

@आडवाट, त्या प्रयोगातून वास कळत नाही असं निघत नाही. डोळ्यांनी जे पाहिलं त्याने वासाला द्यायचं नाव ठरलं, असं निघतं. म्हणून घरी करून बघायचं तर रंग लपवा. तीन ग्लास घ्या, दोघांत एकच वाइन आणि तिसऱ्यात वेगळी. दुसऱ्या कुणाला ते क्रम बदलून मांडायला सांगा. डोळे मिटून, फक्त हुंगून वेगळा ग्लास ओळखा. नाव काहीही देऊ नका. आधी तिन्ही ग्लास स्थिर ठेवून, मग फिरवून. नुसत्या अंदाजाने तीनात एकदा बरोबर येईलच, म्हणून पुन्हा पुन्हा करावं लागेल.

माझा मात्र वेगळा प्रश्न आहे. शिराझ जातीच्या द्राक्षांच्या लाल वाइनमध्ये सगळ्यांना काळ्या मिरीचा वास येतो. मला कधीच आला नाही, कितीही फिरवा.

खोल_मुळं

तो वास रोटंडोन नावाच्या घटकाचा. ऑस्ट्रेलियातल्या वाइन संशोधकांना तो २००८च्या सुमारास शिराझमध्ये सापडला. त्यांच्या चाचण्यांत साधारण पाचातल्या एकाला तो भरपूर प्रमाणात देऊनही जाणवला नाही. तुम्ही त्या पाचव्यांपैकी असू शकता. मग फिरवण्याने फरक पडणार नाही. दळलेली काळी मिरी हुंगून बघा. तिच्यात बाकीचे घटकही असतात, त्यामुळे तिचा वास येईल, पण इतरांना तो जितका मिऱ्यासारखा वाटतो तितका तुम्हाला वाटत नसेल.

@आडवाट, नावांबद्दल तुमची शंका रास्त आहे. मिश्रणातले तीन-चारांहून जास्त वास एका वेळी वेगळे ओळखणं सरावलेल्यांनाही फार अवघड जातं. कुणी एका श्वासात बारा फळं मोजली तर मीही विश्वास ठेवत नाही. पण ‘फिरवण्याआधी कमी, नंतर जास्त’ किंवा ‘नाकाला गोड, जिभेला नाही’ हे सांगायला एकाही फळाचं नाव लागत नाही.

आडवाट

तीन ग्लासांचं करून बघेन. मनातून अजून पटलेलं नाही.

रानवारा

मग नवख्याने वासांचं ते गोल चित्र वापरावं का? अ‍ॅन नोबल यांनी १९८४ साली डेव्हिसच्या विद्यापीठात तयार केलेलं, आतून बाहेर फळ, मग लिंबूवर्गीय, मग ग्रेपफ्रूट असं उलगडत जाणारं. मला त्याने फायदा झाला. आधी नुसतं ‘काहीतरी आहे’ एवढंच म्हणायचो.

सायली_बन

माझ्या मते सुरुवातीला नको. चित्र समोर असलं की लोक ग्लासऐवजी चित्रात शोधतात. आधी हुंगा, स्वतःचा शब्द लिहा, मग हवं तर चित्र बघा.

रानवारा

स्वतःचा शब्दच सुचत नाही त्याने काय करायचं? मी चित्राच्या आतल्या कड्यापुरतंच बघतो. फळ की फूल की मसाला, एवढंच ठरवायचं. तेवढ्याने दिशा मिळते.

नवी_पालवी

सगळ्यांचे आभार. कोरडी मस्कॅट मिळाली, @खोल_मुळं यांनी लिहिलं तसं केलं. पैज मी हरले, मला ती गोड लागेल अशी खात्री होती. नाक धरून घोट घेतला तेव्हा तर ती जवळजवळ लिंबू पिळलेलं पाणी वाटली. चिमूट सोडल्यावर फुलं परत आली, तो क्षण विलक्षण होता.

पण दोन गोष्टी अडल्या. गिळल्यावर येणारी फुलं नाकाने आधी घेतलेल्या फुलांसारखी नव्हती, काहीशी जड, संत्र्याच्या सालीकडे झुकलेली. माझा भास का? आणि दुसरं, फसफसणाऱ्या वाइनलाही हाच क्रम लागू का?

खोल_मुळं

भास नाही. तोंडात वाइन गरम होते, लाळ मिसळते, त्यामुळे ग्लासमधून कमी सुटणारे घटक तिथे जास्त सुटतात. शिवाय त्याच वेळी जिभेवर आंबट आणि कडू असतं, ते मेंदू वासात मिसळून टाकतो. साल आठवण्यामागे कडवटपणाचा वाटा किती आणि वासाचा किती, हे एका घोटात वेगळं करता येणार नाही. अजून एक घोट नाक धरून घ्या आणि फक्त कडवटपणाकडे लक्ष ठेवा. मग नाक मोकळं ठेवून घ्या. कडवटपणा दोन्ही वेळा तेवढाच राहिला आणि साल फक्त दुसऱ्या वेळी आली, तर साल वासाची.

फसफसणाऱ्या वाइनला फिरवू नका. तिथे बुडबुडेच वर येऊन फुटतात आणि वास वर आणतात. फिरवलं तर वायू भसकन निघून जातो, वर नाकाला चुरचुर. तिथे नुसतं ओता, फेस बसू द्या, काठावरून हुंगा, मग घोट. तुमच्या मस्कॅटच्या बाटलीत अजून वाइन असेल तर उद्या तोच ग्लास, तेवढीच गार वाइन आणि तीच कृती पुन्हा करा. काय कमी झालं ते इथे लिहा.

नवी_पालवी

आहे, अर्ध्याहून जास्त. बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली आहे. उद्या रात्री लिहिते.

सायली_बन

उद्या पहिला श्वास फिरवूनच घे गं. मग बघू, खोल_मुळं आणि माझ्यात कोण बरोबर ते.